दहा तुकड्यांचा निरोप

माझ्या भावाचे हात सरसाने भरलेले असले की त्याचा फोन त्याची धाकटी मुलगी वाचून दाखवते. हे त्यांच्या दुकानातलं जुनं ठरलेलं आहे. भाऊ तंतुवाद्यं दुरुस्त करतो. सरस गरम असेपर्यंत जोड बसवायचा असतो, फोनकडे बघायला सवड नसते. म्हणून धाकटी शाळेतून आली की बाकाच्या टोकाला उंच स्टुलावर बसते, आलेलं वाचते, भाऊ सांगेल ते उत्तर लिहिते. तिला आम्ही घरात प्रश्नपत्रिका म्हणतो. वय अकरा. उत्तर मिळालं तरी तिचा प्रश्न संपत नाही.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दुपारी खाली येऊन बसायची सवय लागली आहे. मुलींची मी आत्या, भावाची अक्का.

त्या दिवशी मोठी मुलगी पहिल्यांदाच एकटी कामावर गेली होती. तीन तासांच्या प्रवासावर असलेल्या एका शहरात एक चेलो पोचवायचा होता. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. त्याच्या पोटाची, म्हणजे पुढच्या फळीची, एक लांब भेग आमच्याकडे महिनाभर दुरुस्त होत होती. तो वाजवणाऱ्या बाईंचा कार्यक्रम त्याच संध्याकाळी सात वाजता होता. मोठीने वाद्य नेऊन द्यायचं, तारा चढवायच्या, सूर लावून त्यांच्या हातात ठेवायचं, एवढंच काम. पण मोठीसाठी ते एवढंच नव्हतं. वर्षापूर्वी तिच्या हातून एक व्हायोलिनची मान मोडली होती. त्यानंतर चार महिने तिने हत्यार हातात धरलं नाही, आणि एका ऑफिसात अर्जही करून आली होती. कशीबशी परत बाकावर बसली. निघताना मला जिन्यात म्हणाली, "आत्या, हे नीट झालं तर मी इथेच. नाही झालं तर बाबांना सांगायचं काम तुझं." हसत म्हणाली, पण मी तिला पहिलीपासून ओळखते.

दोन वाजून अकरा मिनिटांनी भावाचा फोन वाजला. मग परत वाजला. मग वाजतच राहिला.

"मोठीचे असतील. वाच," भाऊ म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत गिटारची फळी होती.

प्रश्नपत्रिकेने वाचलं, "बाबा पोचले पेटी उघडली बाहेरून सगळं ठीक आहे म्हणजे ठीकच आहे एक विचारायचं होतं नको राहू दे त्या तारा चढवू या म्हणतायत चढवते ठीक आहे ना."

तिने ते शाळेत धडा वाचतात तसं एका दमात वाचलं. ऐकायला काहीच वावगं नव्हतं. पोरगी पोचली, वाद्य ठीक आहे, तारा चढवते, परवानगी विचारते.

"हो लिही," भाऊ म्हणाला.

धाकटीने काही लिहिलं नाही.

"अगं, हो लिही. दोन अक्षरंसुद्धा नाहीत."

"बाबा, हा एक निरोप नाहीये."

"मग?"

"दहा आहेत."

"दहा असोत नाहीतर वीस. म्हणणं एकच ना?"

"पण ताई असं लिहीत नाही," ती म्हणाली, आणि फोन माझ्यापुढे धरला. "आत्या, तू बघ."

मी चष्मा लावला. कानाला जे एक वाक्य वाटलं होतं ते डोळ्यांना असं दिसत होतं:

२:११ बाबा
२:११ पोचले
२:११ पेटी उघडली
२:१२ बाहेरून सगळं ठीक आहे
२:१२ म्हणजे ठीकच आहे
२:१४ एक विचारायचं होतं
२:१४ नको राहू दे
२:१५ त्या तारा चढवू या म्हणतायत
२:१५ चढवते
२:१६ ठीक आहे ना

"मोठ्याने वाचलं की मधल्या फटी बुजतात," मी म्हटलं. "तू सरसाने चिकटवलेस सगळे."

"म्हणूनच मी परत बघितलं. वाचताना मला श्वास घ्यायला जागाच सापडेना."

भावाने फळीवर शिकंजा आवळला आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "हल्लीची मुलं अशीच लिहितात. तूही तशीच लिहितेस. तुझ्या मैत्रिणींचा ग्रुप बघितलाय मी. एक वाक्य पोचवायला पाच पोस्टमन."

हे खरं होतं. धाकटीला ते लागलं, पण ती विचारात पडली. मला तिची तीच गोष्ट आवडते. बोलणं लागलं तरी ते खरं आहे का हे ती आधी बघते.

"हो, मी अशीच लिहिते," ती म्हणाली. "मग आत्या, मी काय सारखी घाबरलेली असते?"

"तू घाबरलेली असल्यावर कशी लिहितेस?"

तिने जरा वेळ आठवून पाहिलं. "गणिताची वही हरवली तेव्हा आईला लिहिलं होतं. एकच मोठं. आई मी तुला एक गोष्ट सांगणार आहे तू रागावू नकोस, असं सुरू केलं होतं. चार वेळा पुसून लिहिलं."

"झालं तर. तू रोज तुकड्यांत लिहितेस, म्हणून तुझ्या तुकड्यांवरून काही कळत नाही. उलट तू एकसंध लिहिलंस तर तुझ्या आईने कान टवकारावेत. आणि ताई?"

"ताई कार्डासारखं लिहिते."

ते असं. आमच्या भावाच्या दुकानात प्रत्येक वाद्याचं एक कार्ड असतं. त्यावर काय आलं, काय दिसलं, काय केलं, हे एकाच परिच्छेदात, पूर्ण वाक्यांत लिहायचं. अर्धवट समजलेलं काम कार्डावर पूर्ण वाक्यात मांडता येत नाही, हात मध्येच अडतो, आणि आपल्याला कुठे समजलं नाही तेही त्यामुळे कळतं, असं भावाचं म्हणणं. मोठी चौदाव्या वर्षापासून ही कार्डं लिहीत आली. तिला आता दुसऱ्या तऱ्हेने लिहिताच येत नाही. त्याच दिवशी सकाळी तिचा गाडीतून आलेला निरोप वर होताच: "बाबा, जागा खिडकीची मिळाली आहे, पेटी माझ्या आणि भिंतीच्या मध्ये उभी आहे, पट्ट्याने बांधली आहे. शेजारचे गृहस्थ विचारत होते आत माणूस आहे का. मी म्हटलं, आहे, पण झोपलाय. पोचल्यावर कळवते." एकच चौकट. शेवटी पूर्णविराम.

"हे सकाळचं आणि हे दुपारचं," मी म्हटलं. "तेच माणूस, तोच फोन, तोच दिवस. फरक आहे खरा. आता फरक कशाचा आहे ते माहीत नाही."

"घाबरली आहे."

"थांब की. आधी साधी कारणं काढून बघू. उंदराची चाहूल लागली की लगेच वाघ म्हणायचं नाही."

तिने स्टूल माझ्याजवळ ओढलं. भाऊ अजून पाठमोराच होता, पण त्याचा कानशीचा हात थांबला होता.

"नेटवर्क," धाकटी म्हणाली. "अडकलेले सगळे एकदम आले असतील."

"एकदम आले का?"

तिने वेळा बघितल्या. अकराला तीन, बाराला दोन, मग तेराला काहीच नाही, मग चौदाला दोन. "नाही. आणि निरोप येताना मी बघत होते, वर ‘टाइप करत आहे’ असं येत होतं. येऊन जात होतं. तेराला ते दोनदा आलं आणि काहीच आलं नाही. म्हणजे तिने लिहिलं आणि पुसलं."

"किंवा फोन खिशात ठेवला, परत काढला. पण बरोबर, नेटवर्क नाही. दुसरं?"

"चालत असेल."

"पेटी उघडली म्हणतेय. एवढी मोठी पेटी चालत कोण उघडेल?"

"एक हात अडकला असेल."

"हे असू शकतं," मी म्हटलं. "हे आपल्याला इथून कळणार नाही. बाजूला ठेव. चुकूनही टाकून देऊ नकोस."

"मग आनंदात असेल? ताई निकालाच्या दिवशी असंच लिहीत होती. मला आठवतंय, बाबांचा फोन टेबलावरून उड्या मारत होता."

"शोध बघू."

मुलांना फोनमध्ये मागे जाऊन शोधता येतं, आम्हाला वहीतसुद्धा पान सापडत नाही. दोन मिनिटांत तिने तो दिवस काढला.

बाबा
लागला
पास
दुसरी आले
दुसरी
सगळ्यांत
येते घरी

"आता मागच्या वर्षी तुझी आई जिन्यावरून पडली तो दिवस काढ."

तिची आई इस्पितळात परिचारिका आहे. त्या दिवशी स्वतःच पेशंट झाली होती. पाय मोडला होता, आता बरा आहे. तो दिवसही सापडला.

बाबा
आई पडली
म्हणजे काही नाही
पाय
थोडासाच आहे
डॉक्टर बघतायत
नाही म्हणजे फोटो काढतायत
ठीक आहे
या तुम्ही

धाकटी दोन्ही निरोप पुढे-मागे करत राहिली. तिचे ओठ हलत होते. मी चष्मा पुसायला घेतला. वर्गातही अशा वेळी मी फळा पुसायला वळायची.

"दोन्हीकडे तुकडेच आहेत," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे तुकड्यांवरून आनंद की भीती ते कळत नाहीच."

"नाही कळत. मग काय कळतं?"

"की... तिला पूर्ण लिहून होईपर्यंत थांबवत नाही. आतून धक्का बसतो आणि जेवढं झालं तेवढं पाठवते."

"असं म्हणू या की मन हाताच्या पुढे पळतंय. कुठल्या दिशेने पळतंय ते वेगळं. आणखी काही?"

"एक आहे. पण ते चुकीचं असेल."

"चुकीचं बोलायला इथे दंड नाही."

"निकालाचे तुकडे पुढे पुढे जातात. लागला, पास, दुसरी, येते. आणि आई पडली तेव्हाचे मागे वळतात. एक बोलली की पुढचा तुकडा त्याला पुसतो. म्हणजे काही नाही. नाही म्हणजे. थोडासाच." तिने आजचे दहा परत वर आणले. "आजचे पहिले तीन पुढे जातात. बाबा, पोचले, पेटी उघडली. मग ‘बाहेरून’ सगळं ठीक. मग त्याला परत ‘म्हणजे ठीकच’. मग विचारायचं होतं. मग राहू दे. आत्या, हे मागे वळतंय."

"दोन दिवसांवरून नियम होत नाही."

"माहितेय."

"पण प्रश्न होतो."

"बाहेरून?" भावाने विचारलं. तो वळला होता. "बाहेरून म्हणालीय ती?"

"वाचलं की मी मघाशी."

"ऐकलंच नाही मी. धाडधाड वाचलंस." त्याने चिंधीला हात पुसले, निम्मा सरस चिंधीवर गेला आणि निम्मा फोनला लागला. त्याने स्वतः वाचलं. एकेका तुकड्यापाशी थांबून वाचलं. मग खाली बसला.

"काय रे?" मी विचारलं.

"प्रवासात भेगेवर ताण नको म्हणून मी तिला निघताना तारा सैल करायला सांगितलं होतं. थोड्या. मी त्या वेळी दारात गिऱ्हाइकाशी बोलत होतो. तिने किती सैल केल्या ते मी बघितलं नाही."

"जास्त सैल झाल्या तर काय होतं?" धाकटीने विचारलं.

त्याने शेजारच्या उघड्या चेलोकडे बोट दाखवलं. त्याचं पोट काढून ठेवलेलं होतं. "ही बघ, आत एक काठी उभी असते. बोटाएवढी जाड. पोट आणि पाठ यांच्यामध्ये. वरून तारा त्यांच्याखालच्या लाकडी घोडीला दाबतात, घोडी पोटाला दाबते, आणि ही काठी खालून पोटाला आधार देते. ती चिकटवलेली नसते. नुसती दाबाने उभी असते. चारही तारा एकदम सैल सोडल्या की दाब जातो. मग गाडीचा एक हिसका बसला की पडते."

"पडली तर परत उभी करायची."

"उभी केली तर प्रश्न नाही. उभी न करता तारा ताणल्या तर घोडीखाली काहीच नसतं. सगळा भार नुसत्या पातळ लाकडावर. आपण महिनाभर भरलेली भेग तिथेच आहे." त्याने घड्याळाकडे बघितलं. दोन सव्वीस झाले होते. "आणि मी हो म्हणणार होतो."

"पडलीय असं तिने कुठे म्हटलंय?" मी म्हटलं.

"नाही म्हटलं. फोन कर."

धाकटीने फोन लावला. दोनदा वाजला आणि कट झाला. लगेच तुकडा आला: "नंतर बोलते". मग दुसरा: "त्या इथेच आहेत".

आता भावाने फोन हातात घेतला आणि टाइप करायला लागला. तो महिन्यात तीन शब्द टाइप करतो, पण आता थांबेना. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. आतली काठी कशी तपासावी, तारा कुठल्या क्रमाने सोडाव्यात, आरसा कुठे धरावा, आधी सांगितलं होतं की नाही, असा पानभर मजकूर तयार होत होता.

"हे पाठवू नकोस," मी म्हटलं.

"का? सगळं बरोबर लिहिलंय."

"बरोबर आहे. पण ती या घटकेला दोन शब्दांच्या पुढे लिहू शकत नाही. ती पानभर वाचणार आहे का? वर्गात एखादं पोर गडबडलं की मी फळाभर नाही लिहायची. एकच विचारायची, ज्याचं उत्तर मान हलवून देता येईल."

"मग लिहितो, सगळं ठीक ना?"

"ते तर तिनेच लिहिलंय दोनदा," धाकटी म्हणाली. "तिसऱ्यांदा हो म्हणेल आणि तारा चढवेल."

भावाने फोन तिच्या हातात दिला. म्हणाला, "तूच लिही बाई. मी सांगतो."

तिने लिहिलं: "ताई थांब. तारा चढवू नकोस अजून."

वर ‘टाइप करत आहे’ आलं. गेलं. परत आलं. गेलं. आम्ही तिघं त्या शब्दांकडे बघत बसलो. चुलीवर दूध ठेवून उभं राहावं तसं.

"का", असं आलं.

"एकटी आहेस का? हो किंवा नाही."

पाच मिनिटं काहीच आलं नाही. भाऊ उठला, त्याने कानस उचलली, ठेवली, परत बसला. मग:

हो
आता
त्या कपडे बदलायला गेल्या

"विचार," भाऊ म्हणाला, "चेलो हळूच कलता केला तर आत काही वाजतं का."

धाकटीने जसंच्या तसं लिहिलं. या वेळी शब्द आले आणि गेले असं झालं नाही. बराच वेळ काहीच हललं नाही. मग एकच शब्द आला.

वाजतं

भावाने डोळे मिटले. पण फोन परत हलला नाही. वर मात्र ‘टाइप करत आहे’ टिकून होतं. एक मिनिट, दोन मिनिटं.

"आता पुसत नाहीये," धाकटी कुजबुजली. "लिहितेय."

आलं ते असं होतं:

"बाबा, मी निघताना चारही तारा पूर्ण सोडल्या. तुम्ही थोड्या सोड म्हणाला होतात, पण मला भेगेची भीती वाटली, ताण नकोच म्हणून मी सगळ्याच सोडल्या. घोडी आडवी पडली होती, ती मी पेटी उघडताच उचलली. उचलताना आत टक् असं वाजलं. त्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, काय झालं, मी म्हटलं, काही नाही, पेटीतली गजाला लावायची राळ वाजली असेल. मग मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. काठी पडली आहे हे मला तिसऱ्या मिनिटालाच कळलं होतं, पण लिहिता येईना. त्यांना सांगितलं तर त्या वाद्यच हाती घेणार नाहीत असं वाटलं. एकही तार ताणलेली नाही. चूक माझी आहे. आता काय करू ते सांगा."

भावाने ते दोनदा वाचलं. 

"कार्ड झालं तिचं," तो म्हणाला. "काय आलं, काय दिसलं, काय केलं. आता जमेल तिला."

"बघ हं, आत्या," धाकटी म्हणाली, "तुकडे गेले."

"गेले. सांगून झालं की मनालाही बसायला जागा मिळते. पण तेही तिच्याबाबतीत हं. सगळ्यांचं असं होईल असं नाही."

"तू प्रत्येक वेळी असं का म्हणतेस?"

"कारण प्रत्येक वेळी ते खरं असतं."

यानंतरचं काम भावाचं. त्याने फोन लावायला सांगितला, तिने या वेळी उचलला. तो एका शब्दानेही चुकीबद्दल बोलला नाही. "काठी बसवायची वाकडी सळई पेटीच्या झाकणात आहे," म्हणाला. "आरसा आणि छोटा दिवा खालच्या कप्प्यात. बाईंना आधी सांग. जे झालं ते सांग, आणि पाऊण तास माग."

"त्या रागावतील," फोनमधून मोठीचा आवाज आला. बारीक होता.

"रागावू देत. वाद्य त्यांचं आहे."

मोठी आत गेली. फोन तिच्या खिशातच चालू राहिला असावा, कारण आम्हाला पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. मग एका बाईंचा स्पष्ट आवाज: "पडते ती. माझी आधीही पडलीय, एकदा विमानात. तुम्हाला उभी करता येते का तेवढं सांगा." आणि मोठीचं "येते." नुसतं येते. बहुतेक, वगैरे काही नाही.

तिने आजवर नऊ वेळा अशी काठी बसवली होती, नऊही वेळा भाऊ शेजारी उभा होता. आता शेजारी फक्त त्याचा आवाज. तोही त्याने कमी केला. चेलो पाठीवर झोपव. जमिनीवर टेकायचा दांडा खालच्या भोकातून काढून ठेव, तिथून आत दिवा टाक. काठी दिसते? तिला वाकड्या सळईच्या टोकावर टोच, बारीक तारांकडच्या वळणदार फटीतून आत ने. आधी खालचं टोक टेकव, मग वरचं ओढ. घोडीच्या पायाच्या जरा मागे. दाबून बसवू नकोस, आपणहून बसली पाहिजे.  फोनमधून लाकूड लाकडाला लागल्याचा आवाज येत होता. एकदा काठी पडली.  परत पडली. भाऊ जागेवर उभा राहिला आणि परत बसला.

"बसली," मोठी म्हणाली.

"आरशात बघ. सरळ आहे?"

"सरळ आहे."

"दोन्ही टोकं पूर्ण टेकलीत? कडेला फट?"

"नाही फट."

"मग घोडी उभी कर आणि तारा चढव. एक तार पूर्ण नको, चारही थोड्या थोड्या, आळीपाळीने. घोडी पुढे झुकते का बघत राहा. मी ठेवतो."

"थांबा ना."

"नको. तू कर." आणि त्याने खरंच फोन ठेवला.

पुढचा अर्धा तास माझा हा भाऊ, ज्याला लहानपणापासून मी मुका म्हणून चिडवत आले, गिटारच्या फळीपाशी जाऊन एकही हात मारू शकला नाही. हात कोरडे झाल्यामुळे फोन त्याच्याच हातात होता. धाकटी त्याच्या बगलेतून डोकावली आणि मला खूण करून बोलावलं. त्याने पाठवलं होतं:

झालं का
घाई नाही
म्हणजे सावकाश कर
भेगेकडे बघ
बघितलीच असशील
काही नाही

"बाबा," धाकटी गंभीरपणे म्हणाली, "तुम्ही मागे वळताय."

"तू अभ्यास कर," तो म्हणाला.

चार वाजून दहा मिनिटांनी मोठीचा निरोप आला. एक चौकट. चारही तारा सुरात आहेत, भेग जशीच्या तशी आहे, घोडी सरळ आहे, बाईंनी पंधरा मिनिटं वाजवून बघितलं आणि खालची तार आधीपेक्षा मोकळी वाटते म्हणाल्या. "त्यांचा दुसरा एक जुना चेलो आहे, तोही दाखवायचा आहे म्हणतायत. मी म्हटलं, दुकानात आणा, मी बघते. कार्यक्रम ऐकून शेवटच्या गाडीने येते." आणि पूर्णविराम.

भावाने ‘मी बघते’ या दोन शब्दांवर अंगठा ठेवला, निरोप दाबला जाईल इतका वेळ, आणि मग फोन उलटा करून बाकावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोठी दुकानात येऊन बसली तेव्हा प्रश्नपत्रिका वही उघडून तयार होती. तिने तीनही दिवसांचे निरोप वेळेसकट उतरवून काढले होते. पुढे जाणाऱ्यांना निळा रंग, मागे वळणाऱ्यांना लाल. तिने ताईला सगळं समजावून सांगितलं.

मोठीने लक्ष देऊन ऐकलं. वही बघितली. मग म्हणाली, "हे पहिले तीन आहेत ना, बाबा, पोचले, पेटी उघडली? तेव्हा मी अजिबात घाबरले नव्हते गं. डाव्या हाताने पेटीचं झाकण धरलं होतं. एका अंगठ्याने लिहीत होते."

"मग घाबरलीस कधी?"

"घोडी उचलली तेव्हा. ‘बाहेरून’पासून."

धाकटी वहीकडे बघत राहिली. "आत्या म्हणाली होती हात अडकला असेल हे टाकून देऊ नकोस," ती म्हणाली. "मी पहिले तीन पण मन पळतंय म्हणूनच धरले होते."

"मग आता?"

"आता खोडते." तिने रबर शोधलं, सापडलं नाही, म्हणून त्या तीन ओळींभोवती पेन्सिलीने गोल केला आणि समोर लिहिलं: झाकण. मग मान वर करून विचारलं, "ताई, दोन वाजून तेरा मिनिटांनी तू दोनदा लिहून पुसलंस. काय पुसलंस?"

मोठीने आधी माझ्या भावाकडे बघितलं. तो काठ्या सुरीने तासत होता.

"एकदा ‘काठी’ एवढंच लिहिलं होतं," ती म्हणाली. "आणि एकदा ऑफिसच्या नोकरीचं."

भावाची सुरी क्षणभर थांबली. मग त्याने तासलेली काठी मोठीपुढे ठेवली, दुसरी सुरी काढली आणि तिची मूठ मोठीकडे करून धरली. "त्या बाईंचा दुसरा चेलो सोमवारी येतोय," तो म्हणाला. "त्याच्या मापाची करून ठेव."